घसा लाल दिसला म्हणून अँटिबायोटिक नको

“आई, कालपासून गिळताना घसा टोचतोय. नाक वाहतंय, खोकलाही आहे, ताप नाही. हॉस्टेलच्या ग्रुपवर आलंय की घसा लाल दिसला की अ‍ॅझिथ्रोमायसिन घ्यायची. रूममेटकडे दोन गोळ्या उरल्यात. घेऊ?”

नको गं बाळा. तो मेसेज चुकीचा आहे. विषाणूनेही घसा लालच होतो आणि विषाणूवर ही गोळी चालत नाही. तुझं वाहतं नाक आणि खोकला विषाणूकडेच बोट दाखवतात. जिवाणूंच्या घसादुखीत बहुधा खोकला नसतो. ताप चढतो, जबड्याखालच्या गाठी दाबल्यावर दुखतात, टॉन्सिलवर पांढरे डाग दिसतात. तसं असलं तरी डॉक्टर घसा बघून, गरज पडली तर स्वॅब घेऊन औषध ठरवतात. दुसरीच्या उरलेल्या दोन गोळ्यांनी कोणताच कोर्स पुरा होत नाही.

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या कर. मेसमध्ये पेज मिळाली तर कोमट असतानाच पी. फार दुखलं तर पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी, पुढची सहा तासांनी.

ताप आला किंवा आठवड्यात बरं वाटलं नाही, तर फोंड्याच्या सरकारी इस्पितळात जा. थुंकी गिळता येईना, तोंड उघडेना किंवा श्वास अडकला, तर रात्र असली तरी वॉर्डनबाईंना उठव, १०८ ला फोन करा.