डाळ शिजेना!

पर्यावरणाच्या प्रकल्पाचा विषय सोमवारी द्यायचा होता आणि शुक्रवारी संध्याकाळी माझ्या वहीत अकरा विषय होते, अकराच्या अकरा खोडलेले. मला निवड करायची म्हटली की पोटात कालवतं. हॉटेलात वेटर दोनदा येऊन जातो, तिसऱ्यांदा बाबाच 'हिला मसाला डोसा' सांगून मोकळे होतात. इथे बाबांनी हात वर केले होते.

'कृष्णा नदीचे प्रदूषण' आमच्या वर्गात चौदा जणांनी घेतलं होतं. नदीत तेवढी घाण नसेल तेवढे प्रकल्प त्या वर्षी तिच्यात सोडले गेले. सौरचूल घ्यावी तर ती करून दाखवावी लागते. 'कचरा व्यवस्थापन' म्हटल्यावर आई म्हणाली, "आधी तुझ्या टेबलाचं कर." मॅडमनी तर आधीच बजावलं होतं की नेटवरून उतरवलेलं काही आणलंत तर ते उतरवलेलंच परत मिळेल.

शनिवारी सगळे जत तालुक्यातल्या आजीकडे गेलो. मी वही घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. आजीने डाळ चढवायला घेतली आणि मी मदत म्हणून कोपऱ्यातल्या बादलीतलं पाणी तांब्यात घेतलं.

"ठेव ते!" आजी ओरडली. "ते बोअरचं हाय. भांड्याचं. डाळीला म्हैसाळचं पाणी, त्या माठातलं."

"पाण्यात काय फरक असतो?"

"दगड शिजंल, पण बोअरच्या पाण्यात डाळ शिजायची न्हाई," आजी म्हणाली आणि पातेल्याचा तळ माझ्यासमोर धरला. आतून पांढरा, खरखरीत थर बसलेला. नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला.

म्हैसाळचं म्हणजे म्हैसाळ उपसा सिंचन योजनेतून वर चढवलेलं कृष्णेचं पाणी. म्हणजे सांगलीत जिच्यावर चौदा प्रकल्प तरंगत होते तीच नदी इथे आजीच्या माठात होती, आणि तिची खरी परीक्षा डाळच घेत होती. मी वही उघडली आणि बारावा विषय लिहिला. तो खोडला नाही.

रविवारी दुपारी बोअरच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन मांडीवर घेऊन एसटीने सांगलीला आले. कंडक्टरने विचारलं, "यात काय?" पाणी म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सांगलीला पूर विकायला निघाले आहे.

पुढचे आठ दिवस आमच्या गॅसच्या एका शेगडीवर माझी मालकी होती. पहिला प्रयोग साधा वाटला. एका कुकरमध्ये नळाच्या पाण्यात डाळ, दुसऱ्यात बोअरच्या, दोन्हीला चार चार शिट्ट्या. झाकण उघडलं तर दोन्हीकडे वरण. आजी खोटं बोलली की काय? मग लक्षात आलं की कुकरमध्ये पाणी साधारण १२० अंशांवर जातं आणि त्या मारापुढे फरक राहतच नाही. आजीकडे पातेलंच असतं. मग मीही उघड्या पातेल्यावर आले.

डाळ एकाच पिशवीतली घ्यायची, हेही ठेच लागल्यावर कळलं. आधी डब्यातली जुनी आणि दुकानातली नवी मी मिसळली होती. जुनी डाळ कुठल्याही पाण्यात हट्टी असते, त्यामुळे अर्धे दाणे मऊ आणि अर्धे कडक, आणि पाण्याचा काही पत्ताच नाही. शेवटी रीत ठरली ती अशी. ५० ग्रॅम तूरडाळ, अर्धा लिटर पाणी, अर्धा तास त्याच पाण्यात भिजवायची, मग शिजवायची. वेळ उकळी फुटल्यापासून मोजायची. दर पाच मिनिटांनी वीस दाणे काढायचे, ताटलीत टाकायचे आणि बोटाने दाबायचे. वीसपैकी अठरा चेपले की 'शिजली'.

पाणी आटतं, हा आणखी एक चोर होता. पहिल्यांदा मी आटलेल्या पातेल्यात बोअरचंच पाणी वाढवत गेले, म्हणजे क्षार कमी होण्याऐवजी वाढतच गेले. नंतर झाकण ठेवलं, आणि लागलंच तर गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी उकळून घातलं. त्यात क्षार जवळजवळ नसतात. (ही डाळ खायची नाही, हे फ्रिजवर चिकटवावं लागलं. बाबा काहीही खातात.)

पण सर्वात मोठा चोर माझं बोट होतं. नळाच्या पाण्यातला दाणा मी जरा जास्त प्रेमाने दाबते, हे आईनेच पकडलं. म्हणून मधल्या रविवारी आजीला सांगलीला बोलावलं. वाट्यांच्या बुडाला खडूने खुणा केल्या आणि कुठली वाटी कुठल्या पाण्याची हे तिला सांगितलं नाही. आजीने एकही दाणा दाबला नाही. तिने नुसतं बघितलं.

"ही बोअरची."

"कशावरून?"

"कडा बघ की. धार हाय अजून."

खरंच. बोअरच्या पाण्यात तासभर उकळूनही दाण्यांच्या कडा तासल्यासारख्या टोकदार होत्या आणि वरचं पाणी निवळ होतं. नळाच्या पाण्यात कडा भुरभुरीत होऊन पाणी गढुळलं होतं. आजीने सहाच्या सहा वाट्या बरोबर ओळखल्या. माझी वीस दाण्यांची पद्धत तिच्या डोळ्यापुढे जरा ओशाळली, पण फाइलला डोळे जोडता येत नाहीत, म्हणून आकडेच दिले. डिस्टिल्डमध्ये ३० मिनिटं, नळाच्या पाण्यात ३५, बोअरच्या पाण्यात ६५.

कारण असं की डाळीतल्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. शिजताना तो विरघळतो, पेशी सुट्या होतात आणि आपण म्हणतो डाळ गळली. बोअरच्या कठीण, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या पेक्टिनच्या साखळ्यांना एकत्र बांधून ठेवतं, मग ते विरघळायला तयार होत नाही. कोहळ्याचा पेठा करताना फोडी चुन्याच्या निवळीत घालतात ना, तीच गंमत. तिथे आपण मुद्दाम कॅल्शियम देतो म्हणून फोडी पाकात कडक राहतात. बोअरवेल नकळत डाळीचा पेठा करत असते.

आता पाणी किती कठीण, हे दाखवायला हवं होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानतात, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. माझ्याकडे ते अचूक मोजायची सोय नव्हती, पण साबण होता. कठीण पाण्यात साबण आधी क्षारांशी भांडतो आणि मगच फेस करतो. तेव्हा फेस यायला जितके जास्त थेंब लागतील तितकं पाणी कठीण.

मी भांडी घासायचं लिक्विड घेतलं. दोन्ही पाण्यांत फेस, मोठ्ठा आणि सारखाच. अर्धा दिवस मी डोकं धरून बसले. लिक्विड हा साबण नाही, डिटर्जंट आहे, आणि तो कठीण पाण्यातही मजेत फेसाळतो. कपड्यांच्या बऱ्याच वड्याही तसल्याच. शेवटी अंगाचा साधा साबण दोन ग्रॅम किसून १०० मिलिलिटर कोमट डिस्टिल्ड पाण्यात विरघळवला. छोट्या बाटलीत २० मिलिलिटर पाणी, त्यात ड्रॉपरने साबणाचे थेंब. थोडे थोडे टाकायचे, दहा सेकंद हलवायचं, आणि फेस मिनिटभर टिकला की थांबायचं. नळाच्या पाण्याला १८ थेंब लागले, बोअरच्या पाण्याला ७०. बोअरच्या बाटलीत आधी फेसाऐवजी दह्यासारख्या पांढऱ्या गुठळ्याच दिसत होत्या. न्हाणीघरात बादलीच्या काठाला बसते तीच ही साय.

बोअरचं पाणी १५ मिनिटं उकळून, थंड करून, कापडातून गाळून पुन्हा तपासलं तर ७० चे ४२ थेंब झाले. जे कमी झालं ते पातेल्याच्या तळाशी पांढरं बसलं होतं. उकळीने सगळा कठीणपणा जात नाही, बायकार्बोनेटमुळे असतो तेवढाच जातो. सल्फेट आणि क्लोराइडचा तसाच राहतो. या गाळलेल्या पाण्यात डाळ ४५ मिनिटांत गळली.

म्हैसाळचं पाणी नसतं तेव्हा आजी काय करते? चिमूटभर खायचा सोडा. मी बोअरच्या पाण्यात पाव चमचा टाकला तर डाळ २५ मिनिटांत लगदा झाली, रंग मातकट आणि चवीला साबण. आजीने चाखलं आणि एवढंच म्हणाली, "चिमूट म्हंजे चिमूट." सोड्याने पाणी अल्कधर्मी होतं, पेक्टिन लवकर सुटतं आणि कॅल्शियमही खाली बसतं. मात्र डाळीतलं बी-१ जीवनसत्त्व अशा पाण्यात टिकत नाही, म्हणून आजीची चिमूटच बरी. याच्या उलट चिंच. आंबट पाण्यात पेक्टिन सुटायला कुचराई करतं, म्हणून आजी चिंच नेहमी डाळ गळल्यावरच घालते. मी हट्टाने आधी घातली. बोअरच्या पाण्यात दीड तास झाला तरी वीसपैकी सात दाणे उभेच. आई गॅसच्या टाकीकडे बघत म्हणाली, "बास."

सोमवारी मॅडमनी फाइल चाळली. वाट्यांचा फोटो पाहिला. 'मार्गदर्शक' या रकान्यात आजीचं नाव वाचून त्यांनी चष्मा काढला. मग 'एकूण खर्च' या रकान्याकडे बोट दाखवून विचारलं, "अकरा वेळा ५० ग्रॅम, म्हणजे साडेपाचशे ग्रॅम. मग इथे सातशे ग्रॅम डाळ कशी?"

उरलेली दीडशे ग्रॅम आजीने नेली होती. चांगल्या पाण्यात शिजवून बघते म्हणाली.