रोटरच्या बिलाबद्दल

"दोघांचंही एक एकर, दोघांच्याही रानात रोटरच्या दोनच पाळ्या. शेजाऱ्याचं बिल २,०९० आणि माझं २,६४०. ड्रायव्हर मुद्दाम हळू चालवत होता, म्हणजे तास वाढतात. वर आज येतो, उद्या येतो म्हणत दोन दिवस थांबवलं. एकरावर दर का लावत नाहीत?"

नमस्कार दादा. दोन्ही रानं माझ्या पाहण्यातली आहेत आणि दोन्ही दिवसांचे मीटरचे फोटो माझ्याकडे आहेत, म्हणून हिशोब सगळ्यांसमोर मांडतो. आष्ट्याच्या आसपासचे आणखी काहीजण हेच विचारतात, त्यांनाही उपयोग होईल.

शेजाऱ्यांचं रान ३३० फूट लांब आणि १३२ फूट रुंद, मध्ये काही नाही. तुमचंही क्षेत्र तेवढंच, पण त्यात दोन आडव्या ताली आहेत, त्यामुळे ट्रॅक्टरला १३२ फुटांच्या बाजूनेच जावं लागतं. आमचा रोटर सहा फुटी आहे. मध्ये पट्टा सुटू नये म्हणून शेजारच्या फेऱ्यावर थोडा चढवून चालवतो, म्हणजे एका फेऱ्यात साडेपाच फूट रान होतं. शेजाऱ्यांकडे असे २४ फेरे झाले, तुमच्याकडे ६०. गंमत अशी की चाललेलं अंतर दोन्हीकडे अगदी सारखं, ७,९२० फूट. ताशी तीन किलोमीटरच्या चालीने त्याला ४८ मिनिटं लागतात. फरक पडतो तो वळणांत. फेऱ्याच्या टोकाला रोटर उचलायचा, बांधाकडे चाक न नेता वळायचं, रेषेत आणायचा आणि पुन्हा खाली टेकवायचा, यात सरासरी २५ सेकंद जातात. २४ वळणांची दहा मिनिटं, ६० वळणांची पंचवीस. एका पाळीत पंधरा मिनिटांचा फरक, दोन पाळ्यांत अर्धा तास. डिझेल आणि ड्रायव्हर धरून ताशी १,१०० रुपये दर दोघांनाही एकच. त्यांचा मीटर १.९ तास फिरला, तुमचा २.४. बिलातले ५५० रुपये म्हणजे तो अर्धा तास.

ट्रॅक्टर हळू चालवला हे खरं आहे, आणि ड्रायव्हरला तसं मीच सांगितलेलं असतं. रोटरच्या पात्यांच्या फेऱ्या इंजिनच्या फेऱ्यांवर ठरतात, ट्रॅक्टरच्या चालीवर नाही. पीटीओ ५४० वर असताना रोटरचा शाफ्ट मिनिटाला दोनशेच्या थोडा वर फिरतो, आणि एका जागेला एका फेरीत तीन पाती लागतात. ताशी तीन किलोमीटरच्या चालीत प्रत्येक पातं साधारण तीन इंचांचा घास घेतं. तोच ट्रॅक्टर वरच्या गिअरमध्ये सहाच्या चालीने पळवला तर पाती तेवढीच फिरतात, पण घास सहा इंचांचा होतो. वरून रान झालेलं दिसतं, पायाने माती सारली की खाली मुठीएवढी ढेकळं लागतात. तुम्हाला गहू पेरायचा होता. पाभर ढेकळावर उडते, बी कुठे वर राहतं, कुठे खोल जातं, आणि उगवण विरळ होते. मग तिसरी पाळी मारावी लागली असती आणि ती तुमच्याच खिशातून गेली असती.

म्हणूनच मी एकरावर दर घेत नाही. एकराचा दर ठरला की लवकर आवरण्यात ट्रॅक्टरवाल्याचा फायदा असतो. गिअर वर जातो, रोटर दोन बोटं वर उचलला जातो, बांधाकडेचे पट्टे सुटतात. हे शेतकऱ्याला त्या दिवशी कळत नाही, पीक वर आल्यावर कळतं. तासाच्या दरात उलटी शंका येते, मुद्दाम वेळ काढतात की काय. ती शंका रास्त आहे, आणि ती काढायची जबाबदारी आमची. त्यासाठी सुरुवातीला आणि शेवटी मीटरचा फोटो शेतकऱ्याच्याच मोबाईलवर काढायला लावतो. आमच्या ट्रॅक्टरचा मीटर जुन्या पद्धतीचा, इंजिनच्या फेऱ्यांवर चालणारा आहे. कामाच्या फेऱ्यांवर तो घड्याळाबरोबर जातो, इंजिन नुसतं न्यूट्रलवर चालू असलं की मागे पडतो, त्यामुळे उभ्या ट्रॅक्टरचे पूर्ण तास तुमच्यावर चढत नाहीत. पात्यांत गुंतलेला वेल काढणं, तुटलेला बोल्ट बदलणं याला इंजिन बंद. येण्याजाण्याचे तासही धरत नाही, रानात रोटर टेकला की पहिला फोटो.

हळू चाल आणि बोथट पाती मात्र वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे कोणाकडूनही ट्रॅक्टर घ्या, तपासून घ्या. रोटर उचलायला लावून इंजिन बंद करायला सांगा आणि पात्याचं वळलेलं टोक बघा. नव्या पात्याला ते तीन-चार बोटं रुंद असतं. झिजून सुरीसारखं निमुळतं झालं असेल तर ते माती कापत नाही, ओरबाडतं. रोटर उड्या मारतो, ट्रॅक्टर ओढ घेतो, डिझेल जास्त जळतं आणि तीच पाळी पुन्हा मारावी लागते. तासावर दर असताना हा भार शेतकऱ्यावर पडतो, म्हणून आम्ही हंगाम सुरू व्हायच्या आधी पाती बदलतो आणि मध्ये एखादं तुटलं तर समोरचंही जोडीने बदलतो, नाहीतर शाफ्ट थरथरतो आणि बेअरिंग जातं. तुमच्याकडे आला त्या रोटरची पाती याच हंगामातली आहेत.

राहिला दोन दिवसांचा प्रश्न. सोयाबीन निघाल्यावर परतीचा पाऊस पडून गेला होता. मी तुमच्या रानात येऊन वीतभर खोल हात घातला, माती मुठीत दाबून गोळा केला आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकला. तो फुटला नाही, चपटा झाला. म्हणजे घात आली नव्हती. काळ्या रानात अशा ओलीत रोटर घातला की माती पात्यांना लडबडते, आणि पाती जिथपर्यंत पोचतात तिथे खाली चिखल दाबून गुळगुळीत थर तयार होतो. वाळल्यावर तो पाटासारखा कडक होतो, त्यावर पाणी साचतं आणि मुळ्या आडव्या पसरतात. तो फोडायला नंतर खोल नांगरट लागते. त्या दिवशी ट्रॅक्टर मोकळाच होता. लगेच आलो असतो तर माझे पैसे दोन दिवस आधी झाले असते.

यापुढे पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाचं रान आधी बघून, ताली, झाडं, विहीर धरून, जास्तीत जास्त किती तास लागतील ते लिहून देणार आहे. त्याच्या वर मीटर गेला तर वरचे पैसे घेणार नाही. तुमच्या बाबतीतही टेप घेऊन येतो, आपण दोघं मिळून रान मोजू. वर सांगितलेल्या मापात फरक निघाला तर त्या फरकाचे पैसे तिथेच परत देईन. आणि त्या दोन तालींपैकी खालची बरीचशी वाहून गेली आहे असं मला वाटलं. पाणी अडवायला तिचा उपयोग होत नसेल, तर गहू निघाल्यावर ती काढायची का हेही तेव्हाच बघू. वरची मात्र काढू नका, उतार तिकडेच आहे.