पी-मूल्य लहान, म्हणून परिणाम मोठा?

“फेसबुकने जवळजवळ सात लाख लोकांवर प्रयोग केला. p < 0.001 आला, म्हणजे ९९.९ टक्के सिद्ध! फीडमधल्या पोस्ट तुम्हाला नैराश्यात ढकलतात. एवढ्या मोठ्या सॅम्पलवर शंका घेणाऱ्यांना संख्याशास्त्र कळत नाही.”

हा मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. त्याकडे दुर्लक्ष करता आले असते, पण माझ्या भाचीने तो आपल्या प्रकल्प-अहवालात पुरावा म्हणून जसाच्या तसा उतरवला आणि तिच्या मार्गदर्शकांनीही त्यावर खूण केली नाही, तेव्हा उत्तर देणे भाग पडले.

सर्वांत घातक शब्द ‘नैराश्य’ हा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात कुणाच्याही नैराश्याचे मोजमाप झालेले नाही. २०१२ च्या जानेवारीत एक आठवडा ६,८९,००३ लोकांच्या फीडमध्ये फेरफार करण्यात आला आणि त्यांनी स्वतः लिहिलेल्या मजकुरात सकारात्मक व नकारात्मक शब्द किती टक्के येतात, एवढेच संगणकाने मोजले. फीडमधल्या सकारात्मक पोस्ट कमी केल्यावर लोकांच्या लिखाणातील सकारात्मक शब्दांचे प्रमाण तुलनेसाठी ठेवलेल्या गटापेक्षा ०.१ टक्का-बिंदूने घटले आणि नकारात्मक शब्दांचे ०.०४ टक्का-बिंदूने वाढले. म्हणजे हजार शब्दांमागे एक सकारात्मक शब्द कमी आणि अडीच हजार शब्दांमागे एक नकारात्मक शब्द जास्त. त्या आठवड्यात या सर्वांनी मिळून सुमारे १२.२ कोटी शब्द लिहिले, म्हणजे माणशी सरासरी १७७. त्याच वेगाने लिहीत राहिले तर तो एक जादा नकारात्मक शब्द उमटायला साधारण चौदा आठवडे लागतील. याला कुणी नैराश्य म्हणत असेल तर मला पुढे बोलायचे नाही.

मग त्या मजकुरातला p, म्हणजे परिणाम नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता सांगणारे पी-मूल्य, इतके लहान कसे आले? ते फरकाच्या आकारावर जितके अवलंबून असते, तितकेच माणसांच्या संख्येवरही असते. दोन गटांतील सरासरींचा फरक प्रमाण विचलनाच्या, म्हणजे माणसामाणसांत एरवीच असणाऱ्या चढउताराच्या मापाच्या, पटीत मांडला, तर या प्रयोगातील सर्वांत मोठा परिणाम ०.०२ इतका आहे. ज्या दोन गटांची तुलना करून तो काढला, त्यांत मिळून सुमारे ३,१०,००० लोक होते. ०.०२ ला या संख्येच्या वर्गमुळाच्या निम्म्याने, म्हणजे सुमारे २७८ ने गुणले की साडेपाचाच्या आसपास ‘टी’ मिळतो, म्हणजे फरक योगायोगाच्या अपेक्षित चढउताराच्या तितक्या पट आहे, आणि पी-मूल्य ०.००१ च्या कितीतरी खाली जाते. आता फरक तोच ठेवून दोन्ही गटांत मिळून २०० माणसे घ्या. टी ०.१४ वर येतो आणि पी-मूल्य ०.९ च्या जवळ पोहोचते. परिणाम तसूभरही बदललेला नाही, बदलली ती फक्त मोजलेली डोकी. तोच ०.०२ आणखी एका प्रकारे पाहता येतो: दोन्ही गटांतून एकेक माणूस डोळे मिटून उचलला, तर सकारात्मक पोस्ट कमी केलेल्या गटातला माणूस कमी सकारात्मक निघण्याची शक्यता ५०.६ टक्क्यांच्या आसपास आहे. नाणे उडवले असते तर ती ५० असती.

‘९९.९ टक्के सिद्ध’ हेही खोटेच. परिणाम मुळीच नसता, तर केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, इतकेच पी-मूल्य सांगते. आणि संख्याशास्त्र कुणाला कळत नाही हे ठरवायचेच असेल, तर अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली पी-मूल्यांविषयी काढलेले निवेदन वाचावे. त्यातील सहा तत्त्वांपैकी पाचवे स्पष्ट बजावते की, पी-मूल्य किंवा सांख्यिकीय सार्थकता परिणामाचा आकारही मोजत नाही आणि निष्कर्षाचे महत्त्वही.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. लहान परिणाम नेहमीच क्षुल्लक असतो असे नाही. संशोधकांनी स्वतःच परिणाम लहान असल्याचे नोंदवून पुढे म्हटले आहे की, फेसबुकच्या एकूण पसाऱ्यात तो रोजच्या लाखो भावनिक अभिव्यक्तींएवढा भरू शकतो. ते खरे असेलही, पण ते विधान साऱ्या व्यासपीठाच्या बेरजेविषयी आहे. ‘तुम्हाला’ काय होईल याविषयी त्यातून काहीच निघत नाही.

लहान फरक खरोखर मोलाचा ठरल्याचे उदाहरण हवे असेल, तर अमेरिकेतील पुरुष डॉक्टरांवर झालेली ॲस्पिरिनची चाचणी पाहावी. १९८९ च्या अंतिम अहवालानुसार प्रत्येकी सुमारे ११,००० जणांच्या दोन गटांत सरासरी पाच वर्षांत हृदयविकाराचे झटके ॲस्पिरिन घेणाऱ्यांत १३९ जणांना आले, न घेणाऱ्यांत २३९ जणांना. हजारी सुमारे नऊ जणांचा हा फरक छोटाच आहे, पण मोजलेली गोष्ट झटका होती, पोस्टमधला एक शब्द नव्हे. आणि तरीही हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणाऱ्या एकूण मृत्यूंत लक्षणीय फरक आढळला नाही, उलट ॲस्पिरिनच्या गटात रक्तस्रावाचा त्रास जास्त दिसला. ती गोळी कुणी घ्यावी याचा निर्णय या सगळ्या आकड्यांची तुलना करूनच घ्यावा लागला. तिथेही पी-मूल्य अतिशय लहान होते, पण त्या निर्णयात त्याचा उपयोग एवढाच होता की, झटक्यांतील फरक निव्वळ योगायोगाचा नसावा असे धरून पुढे जाता आले.