सहापैकी सहा, म्हणजे खरं तर तीन

चूक माझीच. लेक दहावीला, केंब्रिजवाल्या आयजीसीएसईला, आणि मी रविवारी दुपारी पोहे खाता खाता बोलून गेलो की इतिहासाच्या पेपरात काय असतं एवढं, पानभर लिहायचं की झालं. तिने शांतपणे एक जुना पेपर माझ्यासमोर सरकवला. "मग लिही ना बाबा. सहा मार्कांचा आहे. बारा मिनिटं."

बाराच का, तर पेपर दोन तासांचा, साठ मार्कांचा, म्हणजे मार्कामागे दोन मिनिटं, चार मार्कांच्या प्रश्नाला आठ, दहाच्याला वीस. प्रश्न होता की व्हर्सायच्या तहातल्या अटींवर 1919 मध्ये जर्मन लोक का चिडले. हा तर आपला हातखंडा. टायमर लावला आणि सुटलो.

तिसऱ्या मिनिटाला कुरिअरवाला आला, म्हणून मी टायमर थांबवला. "परीक्षेच्या हॉलमध्ये कुरिअर येतं का?" आतून आवाज. सुरू केला परत. नवव्या मिनिटाला हात दुखायला लागला, कारण गेली वीस वर्षं मी चेकवर सही सोडून पेनाने काही लिहिलेलंच नाही, आणि वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं (घोडबंदर रोडला राहून शांतता मागणं हाच मूर्खपणा). तरी पान भरलं. तहाने जर्मनीचं सैन्य एक लाखावर आणलं, विमानदल बंद केलं, पाणबुड्या बंद केल्या, अल्सास-लॉरेन फ्रान्सला गेलं, 132 अब्ज गोल्ड मार्कांची नुकसानभरपाई लादली, त्यामुळे जर्मन जनतेच्या मनात असंतोषाचा वणवा पेटला. वणव्याखाली मी रेघ पण मारली.

मग मार्किंग स्कीम उघडली आणि हिरव्या पेनाने स्वतःला सहापैकी सहा दिले. कारणं पाच, मार्क सहा, एक वणव्याचा.

लेकीने पान बघितलं आणि म्हणाली, "स्कीम नीट वाच. कारण नुसतं सांगितलं की दोन-तीन. एक कारण समजावलं तर चार-पाच. दोन समजावली तर सहा. आता ज्या वाक्यात समजावलंयस ना, तेवढंच अंडरलाईन कर."

इथे खरी परीक्षा सुरू झाली. मी हिरवं पेन घेऊन पानावर वरून खाली फिरलो, खालून वर फिरलो, कुठे टेकवायला जागाच मिळेना. सैन्य एक लाखावर आणलं, बरं, मग? त्याने राग का आला? ते माझ्या डोक्यात होतं, अगदी स्पष्ट होतं, पानावर नव्हतं. आणि वणवा म्हणजे 'ते चिडले', ते तर प्रश्नातच दिलेलं. वर 132 अब्जांचा आकडा ठरला 1921 मध्ये, 1919 मधल्या माणसाला तो माहीत असणं शक्यच नाही. त्याचा राग वेगळाच होता, की किती द्यायचे ते न सांगताच द्या म्हणतात, कोऱ्या चेकवर सही.

"पण मला म्हणायचं तेच होतं," मी म्हटलं.

"कुठे लिहिलंयस?"

एवढे दोन शब्द. स्वतःचा पेपर तपासताना आपण पेपर वाचतच नाही हो, मनातलं वाचतो, आणि मनातल्याला मार्क देत सुटतो. तिची म्हणे युक्ती आहे, उत्तर लिहिल्यावर लगेच तपासायचं नाही, दुसऱ्या दिवशी तपासायचं, तोपर्यंत मनातलं जरा पुसलं जातं. तीन दिले मी स्वतःला. हिरव्या पेनाने सहावर काट मारताना जो त्रास झाला तो व्हर्सायमध्ये सही करणाऱ्यांना झाला असेल तसा.

रात्री जेवण झाल्यावर परत बसलो, गपचूप. यावेळी पाच कारणं नाहीत, दोनच. पहिलं लिहिलं, सैन्य एक लाख आणि सक्तीची भरती बंद, पण शेजारच्या देशांवर तशी सक्ती नव्हती, म्हणून उद्या फ्रान्स किंवा पोलंड चालून आला तर आपण स्वतःला वाचवू शकणार नाही असं जर्मनांना वाटलं, आणि एवढ्या मोठ्या देशाला ती नामुष्की वाटली. हे झालं समजावणं, हिरवं पेन टेकतं इथे. दुसरं, कलम 231, युद्धाची जबाबदारी जर्मनी आणि त्याच्या दोस्तांवर टाकणारं. जर्मनांच्या मते युद्धाला बाकीचे देशही तितकेच कारणीभूत होते, आणि नुकसानभरपाईचा पायाच हे कलम होतं, म्हणून

टायमर वाजला. लेक दारात उभी होती, हात पुढे. मी म्हटलं एकच वाक्य राहिलंय, मला माहितीये पुढे काय आहे. तिने 'म्हणून'च्या पुढे आडवी रेघ मारली, पाच दिले आणि झोपायला गेली.