फ्रीझरमधली दहा महिन्यांची कोंबडी आणि दीड महिन्याचे बांगडे

परवा संध्याकाळी भाचीचा डोंबिवलीहून फोन आला. फ्रीझर साफ करायला घेतला होता आणि आतून तीन पुड्या निघाल्या. गेल्या सप्टेंबरातलं चिकन, कापून तुकडे केलेलं. मे महिन्याच्या शेवटी रत्नागिरीहून नेलेले बांगडे. आणि त्याच वेळची सुरमई. "मावशी, चिकनला दहा महिने झाले, ते टाकून देते. मासे दीडच महिन्याचे आहेत, उद्या तळते."

मी म्हटलं, थांब. नेमकं उलट कर.

हे सविस्तर लिहायचं कारण असं, की आपल्याकडे एक तर "फ्रीझरमध्ये ठेवलंय ना, मग काय होतंय" असं म्हणतात, नाहीतर कुठूनतरी आलेला महिन्यांचा तक्ता फ्रीजच्या दारावर चिकटवतात आणि त्या तारखेनंतर पदार्थ विषारी झाला असं धरून चालतात. दोन्ही चूक. उणे १८ अंशांवर सलग गोठलेल्या मांसात किंवा मासळीत जिवाणू मरत नाहीत, पण वाढतही नाहीत. म्हणून तिथे वर्षभर राहिलेलं मांस केवळ वर्ष झालं म्हणून बाधत नाही. तक्त्यातले महिने चवीचे असतात. कोंबडीचे तुकडे ९ महिने, अख्खी कोंबडी वर्षभर, मटणाचे तुकडे ६ ते ९ महिने, खिमा ३-४ महिने. बांगड्यासारखी तेलकट मासळी २-३ महिने, कमी तेलाची ६ ते ८. शिजवलेला रस्सा २-३ महिने. एवढे आकडे घरच्या कामाला पुरतात.

मग जिवाणू थांबलेले असताना चव का जाते? कारण हवा थांबत नाही. मांसातल्या चरबीला हवेतला प्राणवायू लागत राहतो आणि ती हळूहळू खवट होते. थंडीने हे काम मंदावतं, बंद पडत नाही. मटणाची चरबी घट्ट असते, ती बराच काळ तग धरते. बांगड्याचं तेल पातळ, गार पाण्यातही पातळ राहणारं, आणि असं तेल प्राणवायू फार लवकर धरतं. म्हणून मटणाला जिथे सहा महिने सहज मिळतात तिथे बांगडा तिसऱ्या महिन्यात खवट वास मारू लागतो. खिम्याचंही तेच. बारीक केल्यामुळे हवा प्रत्येक कणापर्यंत पोचते. शिजवलेल्या मांसात तर शिजताना मांसातलं लोह सुटं होतं आणि चरबी अजून लवकर बिघडते. कालचं सुकं चिकन आज गरम केल्यावर जो शिळा वास येतो, तो याचाच. रश्शात बुडालेले तुकडे जास्त चांगले राहतात, कारण त्यांच्याभोवती हवा कमी असते.

आणि इथे आपल्या घराघरांतली एक सवय मला बोलून दाखवायचीच आहे. मासे साफ करायचे, हळद-मीठ चोळायचं आणि पिशवीत घालून फ्रीझरला टाकायचे. आई करायची, मीही कित्येक वर्षं केलं. पण मिठामुळे चरबी खवट व्हायचा वेग वाढतो. आठवड्याभरात खायचे असतील तर फरक पडत नाही. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेवढ्या काळासाठी साठवत असाल, तर मीठ लावू नका. पोट साफ करा, धुवा, कोरडे पुसा, घट्ट गुंडाळा, पिशवीतली हवा दाबून काढा आणि वर तारीख लिहा. मीठ तळायच्या दिवशी लावा. कोळंबी मी सोलून डब्यात भरते, बुडेल एवढं गार पाणी घालते आणि तसाच डबा गोठवते. बर्फाच्या आत तिला हवा लागतच नाही.

आता भाचीच्या पुड्यांकडे येऊ. चिकनचा फोटो मागवला. कडेच्या दोन तुकड्यांवर पांढरट, कोरडे, जरा खरबरीत डाग होते. पिशवी सैल राहिली की बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन उडून जातो आणि तेवढा भाग वाळतो. दिसायला वाईट, चावायला चिवट, पण त्याने कोणी आजारी पडत नाही. मी तीनच गोष्टी विचारल्या. आइस्क्रीम दगडासारखं राहतं का? राहतं. मधे कधी लाइट बराच वेळ गेली होती का? पिशवीच्या तळाशी लालसर पाणी साचून गोठलेलं दिसतंय का? नाही. म्हणजे ते मधे वितळलेलं नव्हतं. डाग कापून टाक, रात्रभर खालच्या कप्प्यात सुटू दे आणि तळू नकोस, वाटपाचा रस्सा कर. कोरडेपणा रश्शात झाकला जाईल.

जुन्या एकदारी फ्रीजमधला बर्फाचा कप्पा मात्र बऱ्याचदा उणे १८ पर्यंत जातच नाही. तिथे हे महिने धरू नका. आइस्क्रीम मऊ पडत असेल तर काही दिवसांत संपवा.

आता बांगडे. ते सकाळी आठला बंदरावर घेतले, कागदात गुंडाळून पिशवीत घातले आणि गाडीच्या डिकीत ठेवले. मे महिना. वाटेत जेवण, घाटात खोळंबा, आणि घरी पोचायला संध्याकाळचे पाच. बर्फ अजिबात नाही. म्हणजे नऊ तास उन्हाळ्याच्या उकाड्यात. बांगडा, कुपा, तारली या मासळीच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. ऊब मिळाली की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ते एकदा तयार झालं की गोठवून जात नाही, तळूनही जात नाही, आणि वासावरून दर वेळी कळतं असंही नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं, छातीत धडधडतं. लोक म्हणतात मासळीची ॲलर्जी आली. बऱ्याचदा ती ॲलर्जी नसते, वाटेत तापलेला बांगडा असतो.

फ्रीझरने ते बांगडे संध्याकाळी पाचला होते तसे धरून ठेवले, इतकंच. तक्त्याप्रमाणे अजून दीड महिना शिल्लक होता, तरी मी तिला ते टाकायला लावले. "अगं मावशी, बारा बांगडे होते गं," म्हणाली. मलाही वाईट वाटलं. मासळी टाकताना हात जड होतोच.

सुरमई वाचली, कारण ती जावईबापूंनी थर्माकोलच्या डब्यात, खाली-वर बर्फाचा चुरा घालून वेगळी नेली होती. घरी पोचली तेव्हाही डब्यात बर्फ शिल्लक होता आणि तुकड्या हाताला थंडगार लागत होत्या. मीठही लावलेलं नव्हतं. सुरमईसुद्धा बांगड्याच्याच कुळातली, तेल बाळगून असलेली, म्हणून ३१ जुलैच्या आत ती तळून संपवायला सांगितली आहे.