१६ वर चालतं ते २० वर का मोडतं: एका प्रतिक्रियेला उत्तर

> "लेख वाचला. एवढ्याशा प्रोग्रॅमसाठी इतकं पाल्हाळ कशाला? `(r - 1 + R) % R` मधलं `+ R` निव्वळ भरती आहे. `r` आणि `c` हे `unsigned` घ्या, `(r - 1) % R` लिहा, पुढचं मॉड्युलो बघून घेतं. माझा १६×१६ चा ग्रिड असाच दहा वर्षं चालतोय. शिवाय आठ-आठ वेळा मॉड्युलो काढून प्रोग्रॅम हळू होतो, आणि तुमच्या शेजाऱ्यांच्या तक्त्यात एक आकडा चुकलाय. ज्याला टाइप कळत नाहीत त्याने मुलांना शिकवू नये."

नमस्कार. ज्या लेखावर ही प्रतिक्रिया आली तो कॉनवेच्या ‘गेम ऑफ लाइफ’चा प्रोग्रॅम C मध्ये लिहिण्याबद्दल होता. त्यात `R` ओळी आणि `C` स्तंभांच्या ग्रिडमधली प्रत्येक पेशी आपले आठ शेजारी मोजते. जिवंत पेशी २ किंवा ३ जिवंत शेजाऱ्यांवर जगते, रिकाम्या घरात बरोबर ३ असतील तर जन्म होतो. कडेच्या पेशी समोरच्या कडेच्या पेशींना शेजारी मानतात, त्याला रॅपअराउंड म्हणतात.

तक्त्यातली चूक खरी आहे. ब्लिंकर म्हणजे ओळीत लागून असलेल्या तीन जिवंत पेशी, ज्या दर पिढीला आडव्याच्या उभ्या आणि उभ्याच्या आडव्या होतात. आडव्या ब्लिंकरच्या मधल्या पेशीच्या बरोबर वरच्या घरात ३ हवे होते, तिथे २ छापले गेले. ते आता दुरुस्त केलं आहे. दाखवून दिल्याबद्दल आभार.

मात्र शेवटचं वाक्य मला मान्य नाही, आणि ते ज्या सुरात लिहिलं आहे तो सूर तर अजिबात नाही. एखाद्याचं सूत्र चुकलं असेल तर ते कुठे चुकतं ते दाखवावं. त्याने शिकवावं की नाही याचा निकाल देण्याआधी निदान आपलं सूत्र दुसऱ्या एखाद्या आकारावर चालवून बघावं. मी अकरा वर्षं प्रयोगशाळेत हा प्रयोग घेतो आहे आणि C मधल्या टाइपांनी शेजारी मोजताना काय काय घोटाळे होतात ते दर सत्रात तपासतो. लेखात `+ R` वर दोन परिच्छेद खर्च केले ते त्याचमुळे, पाल्हाळाच्या हौसेने नव्हे.

आता तुमच्या `unsigned` कडे येऊ, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. `r` ची किंमत ० असताना `r - 1` उणे एक होत नाही, इथवर तुमचं बरोबर आहे. पण मग ते होतं काय? ३२ बिटांच्या `unsigned` मध्ये ते ४२९४९६७२९५ होतं, म्हणजे दोनाच्या ३२ व्या घातापेक्षा एकाने कमी. मॉड्युलोसमोर हा आकडा येतो. त्याला तुमच्या मनातलं उणे एक कधी दिसतच नाही. त्या आकड्याला १६ ने भागलं की बाकी १५ उरते, आणि १६ ओळींच्या ग्रिडमध्ये ओळ ० च्या वरची ओळ १५ च हवी असते. तुमचा प्रोग्रॅम दहा वर्षं चालला तो यामुळे. १६ हा दोनाचा घात आहे आणि दोनाच्या ३२ व्या घाताला तो निःशेष भागतो. ८, ३२, ६४ घेतले तरी चालेल.

माझ्या लेखातला ग्रिड २०×२० चा आहे. ४२९४९६७२९५ ला २० ने भागा, बाकी १५ येते. हवी होती १९. म्हणजे ओळ ० मधली प्रत्येक पेशी आपले वरचे तीन शेजारी ओळ १९ मध्ये शोधायच्या ऐवजी ओळ १५ मध्ये शोधते. १० चा ग्रिड घेतला तर ९ ऐवजी ५ मिळतात. ५ किंवा १५ चा घेतला तर बाकी ० येते, आणि पहिली ओळ स्वतःलाच आपली वरची ओळ समजून मोजत बसते. `size_t` घेऊन सुटका होत नाही. ६४ बिटांवरही २० साठी बाकी १५ च येते.

यातली वाईट गोष्ट अशी की कुठेच काही बोंब होत नाही. १५ हा इंडेक्स ग्रिडच्या आतलाच आहे, त्यामुळे प्रोग्रॅम कोसळत नाही. `unsigned` चं असं उलटून मोठ्या आकड्यावर जाणं C च्या नियमांत बसतं, म्हणून `-fsanitize=undefined` लावूनही तक्रार येत नाही. पडद्यावर नक्षी हलत असते, ग्रिडच्या मध्यभागी सगळं बरोबर असतं, आणि विद्यार्थी प्रयोग झाला असं समजून वही पुढे करतो.

चूक पकडायला एक उभा ब्लिंकर पुरतो, फक्त तो कडेवर आडवा पडेल असा नव्हे, कड ओलांडेल असा ठेवायचा:

```c
g[19][5] = g[0][5] = g[1][5] = 1;
```

तीन पेशी एकाखाली एक आहेत, मात्र त्यांच्यामधून ग्रिडची वरची-खालची कड जाते. मधली पेशी ओळ ० ची. रॅपअराउंड बरोबर असेल तर तिला वर एक आणि खाली एक असे २ शेजारी दिसतात, ती जगते. तिच्या डाव्या-उजव्या घरांना ३-३ जिवंत शेजारी दिसतात, तिथे जन्म होतो. पुढच्या पिढीत ओळ ० वर स्तंभ ४, ५, ६ मध्ये आडवा ब्लिंकर दिसतो.

तुमच्या सूत्राने हेच हाताने मोजा. ओळ ० स्तंभ ५ ची पेशी वर ओळ १५ पाहते, ती रिकामी आहे. खाली ओळ १ मध्ये एक शेजारी सापडतो. एकूण १, पेशी मरते. स्तंभ ४ च्या घराला बाजूचा एक आणि खालचा एक असे २ च मिळतात, जन्म नाही. स्तंभ ६ चंही तसंच. ओळ १ आणि ओळ १९ मधल्या टोकांच्या पेशींना नेहमीप्रमाणे एकच शेजारी असतो, त्या मरणारच होत्या. एका पिढीत पडदा कोरा. १६ वर हाच ब्लिंकर `g[15][5]` पासून ठेवला तर व्यवस्थित फिरेल. म्हणूनच तुमच्या ग्रिडवर ही चूक तुम्हाला कधी दिसली नाही.

बरं, `unsigned` सोडून `int` ठेवलं आणि `+ R` काढलं तर? C99 पासून भागाकार शून्याकडे छाटला जातो, म्हणून `-1 % 20` चं उत्तर `-1` च येतं. Java मध्येही `-1` च, पण तिथे त्या इंडेक्सने अ‍ॅरे वाचताना अपवाद फेकला जातो आणि निदान कळतं तरी. Python मध्ये मात्र `-1 % 20` म्हणजे १९. तिथे तुमचं म्हणणं पूर्ण बरोबर ठरलं असतं. लेख C चा आहे.

C मध्ये `g[r][-1]` वाचणं नियमाबाहेरचं आहे, त्याचं काहीही होऊ शकतं. पण ओळी स्मृतीत एकीला लागून एक मांडलेल्या असल्यामुळे सहसा काय होतं, तर आधीच्या ओळीची शेवटची पेशी वाचली जाते. म्हणजे रॅपअराउंड झाल्यासारखं वाटतं, पण एक ओळ वर सरकून. आडवा ब्लिंकर ओळ ५ वर स्तंभ १९, ०, १ मध्ये ठेवा. बरोबर प्रोग्रॅम स्तंभ ० मध्ये ओळी ४, ५, ६ जिवंत करतो. या चुकीत ओळ ६ च्या घराला ३ शेजारी मिळतात, ओळ ५ ची पेशी २ वर तगते, पण ओळ ४ च्या घराला स्तंभ १९ मधली पेशी दिसत नाही. ते डावीकडे ओळी २, ३, ४ पाहत असतं. त्याची मोजणी २ वर थांबते. तीनाऐवजी दोनच पेशी उरतात आणि पुढच्या पिढीत त्याही जातात. म्हणून पहिली पिढी थांबवून पाहावी. एका पिढीत पडदा कोरा झाला तर `unsigned` चा घोळ, दोन पेशी उरल्या तर `int` चा. ग्रिड `int g[20][20]` असा साधा अ‍ॅरे असेल तर `int` चा घोळ `-fsanitize=undefined` पकडतं आणि `index -1 out of bounds` असं स्पष्ट सांगतं.

मी लेखात ग्लायडरही दिला होता. प्रोग्रॅम बरोबर असेल तर तो २०×२० ग्रिडवर ८० पिढ्यांनी स्वतःच्या मूळ जागी परत येतो, कारण दर ४ पिढ्यांना तो एक घर तिरका सरकतो. ती चाचणी करावीच, पण ती फसली तर कुठली कड बिघडली हे त्यातून कळत नाही. ब्लिंकर ते एका पिढीत सांगतो.

आता `+ R` ला तुम्ही भरती म्हणालात म्हणून. `(r - 1 + R) % R` मध्ये `r` हा `int` असेल तर ० साठी -१ + २० = १९, बाकी १९. `r` हा `unsigned` असेल तर ४२९४९६७२९५ मध्ये २० मिळवल्यावर बेरीज ३२ बिटांबाहेर जाऊन पुन्हा १९ वर येते, बाकी १९. `r` हा `int` आणि `R` हा `size_t` अशी सरमिसळ असली तरी उत्तर तेच. हीच सरमिसळ तुमच्या सूत्रात झाली तर `r` ला `int` म्हणूनही `r - 1` चं गुपचूप `size_t` होतं आणि १५ चा घोळ परत येतो. टाइप न कळणाऱ्या माणसाने हे सूत्र निवडलेलं नाही. वरच्या तिन्ही प्रकारांत टिकतं म्हणून निवडलं आहे.

वेगाबद्दल थोडक्यात. ४०० पेशींना आठ-आठ शेजारी म्हणजे पिढीमागे ३,२०० वाचनं. पिढी पडद्यावर छापायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. तरी कोणाला नेटकं हवं असेल तर `up` आणि `dn` बाहेरच्या लूपमध्ये ओळीमागे एकदाच काढावेत, `lf` आणि `rt` आतल्या लूपमध्ये पेशीमागे एकदा:

```c
int up = (r - 1 + R) % R, dn = (r + 1) % R;
int lf = (c - 1 + C) % C, rt = (c + 1) % C;
```

मग आठही शेजारी याच चार नावांतून आणि `r`, `c` मधून वाचता येतात. पेशीमागे दोन मॉड्युलो, इतकंच. ही सुधारणा लेखात घालतो.

तुम्ही एवढं करा. तुमच्या प्रोग्रॅममध्ये फक्त `R` आणि `C` च्या जागी २० घाला, कड ओलांडणारा तो उभा ब्लिंकर ठेवा आणि एक पिढी चालवा. ओळ ० वर तीन पेशी दिसल्या तर `r` ची घोषणा आणि शेजारी मोजणारं फंक्शन जसंच्या तसं इथे टाका, मी माझं लिहिलेलं मागे घेईन.