प्रॉडक्ट मॅनेजरच्या अर्जात काय लपवावे

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत सहा वर्षे यंत्रे बनवल्यानंतर आपल्याला पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर व्हावेसे वाटू लागले असेल, तर नेमणूक करणाऱ्या मॅनेजरला लिहायच्या पत्राची सुरुवात "मी एक मेहनती व जिद्दी मेकॅनिकल इंजिनिअर आहे" या वाक्याने करावी. त्याच सकाळी आलेल्या इतर पत्रांतही हेच वाक्य असल्याने आपण उगाच वेगळे पडत नाही. त्यापुढे सॉलिडवर्क्स, ऑटोकॅड, कायझेन, एफएमईए अशी नावे ओळीने मांडावीत. त्यांचा उपयोग करून आपण कधी काही ठरवले होते का, हे मात्र वाचणाऱ्याला कळू देऊ नये.

टॉवेलच्या कडा दुमडून शिवणाऱ्या त्या यंत्राचा उल्लेख तर कटाक्षाने टाळावा. सुईजवळचे गार्ड उघडले की यंत्र थांबावे म्हणून तेथे लिमिट स्विच होता आणि कारागिरांनी तो सुतळीने बांधून ठेवला होता, ही गोष्ट आपल्या ड्रॉइंगला फारशी शोभा देत नाही. मालकांनी कारागिरांना दंड करण्याचे सुचवले, तेव्हा आपण दोन दिवस यंत्राशेजारी उभे राहिलात आणि एका कारागिराने तेलुगू वळणाच्या मराठीत सांगितले, "साहेब, गार्ड लावलं की पैसे कमी मिळतात." कापसाचे तंतू सुईखाली साचत होते, ते काढण्यासाठी आठ तासांच्या पाळीत अकरा वेळा गार्ड उघडावे लागत होते, आणि थांबलेले यंत्र पुन्हा लयीत येईपर्यंत दरवेळी चार मिनिटे जात होती. मजुरी नगावर असल्यामुळे ती चव्वेचाळीस मिनिटे कारागिराच्या खिशातून जात होती. प्रॉडक्ट मॅनेजर ज्याला ग्राहकाची अडचण समजून घेणे म्हणतात ते हेच, असे चुकून लिहिलेत तर समोरच्याला आपल्याविषयी नेमके काहीतरी कळून बसेल.

एफएमईएबद्दल "अनुभव आहे" एवढेच लिहावे. त्या पद्धतीत यंत्रात काय काय बिघडू शकते याची यादी करून प्रत्येक बिघाडाची तीव्रता, वारंवारता आणि दोष वेळीच न सापडण्याची शक्यता यांना एक ते दहा गुण देऊन गुणाकार करतात. बांधलेल्या स्विचचा गुणाकार नऊ, आठ आणि तीन मिळून २१६ आला. झिजणाऱ्या बेअरिंगचा पाच, सहा आणि आठ मिळून २४०. सुतळी नुसत्या डोळ्यांना दिसत होती म्हणून तिसरा गुण कमी मिळाला आणि बोट तुटण्याचा धोका यादीत बेअरिंगच्या खाली गेला. आपण त्या बैठकीत आकडा बाजूला ठेवून आधी गार्डच बदलायला लावलेत, हे पत्रात येता कामा नये. कामांना गुण देऊन क्रम लावण्याची पद्धत सॉफ्टवेअरमध्येही चालते आणि तेथेही गुणाकार असाच फसवतो. पण आपल्याला हे आधीपासून ठाऊक आहे असे दिसणे उद्धटपणाचे ठरेल.

विक्री विभागाला त्याच वेळी टचस्क्रीन हवा होता. त्यासाठी कंट्रोल पॅनेल आणि वायरिंग दोन्ही बदलावे लागले असते, यंत्र दोन महिने उशिरा गेले असते, आणि तंतूंचा थर बसलेल्या पडद्याला कारागिराने हात लावला नसता. म्हणून आपण नकार दिलात आणि गार्डला पारदर्शक खिडकी व ब्रश आत जाईल एवढी फट दिलीत. नकार ही पत्रात मिरवण्याची गोष्ट आहे का? त्याऐवजी "सर्व विभागांशी उत्तम समन्वय साधला" असे लिहावे; त्यातून कोण काय मागत होते आणि कोणाला काय मिळाले नाही, हे कोणालाही कळत नाही.

परिणाम सांगताना "उत्पादकतेत लक्षणीय वाढ" हा शब्दप्रयोग पुरेसा आहे. पाळीत अकराऐवजी तीनदाच यंत्र थांबू लागले, म्हणजे बत्तीस मिनिटे वाचली, हा हिशेब देऊ नये. दोन आठवड्यांनी कोणी न सांगता सुतळ्या सुटलेल्या दिसल्या, हा पुरावा तर त्याहून घातक आहे, कारण त्यावरून बदल वापरणाऱ्यांनी तो खरोखर स्वीकारला हे सिद्ध होते.

उरलेल्या जागेत आपण प्रॉडक्ट मॅनेजमेंटचे सगळेच करून बसलो आहोत, असे ठोकून द्यावे. किंमत ठरवण्याचे काम आपण कधी केलेले नाही, आणि साचा एकदा कापला की चूक महिनोन्महिने सांभाळावी लागते अशा धंद्यातून आपण दर आठवड्याला बदल करता येणाऱ्या धंद्यात येत आहोत, ही दोन प्रामाणिक वाक्ये लिहिली तर मॅनेजर मुलाखतीत त्याच विषयावर अर्धा तास रमेल, आणि मग आपल्याला चौदा ड्रॉइंग दाखवायला वेळच उरणार नाही.

तरीही मुलाखतीला बोलावणे आलेच आणि "तुम्ही कोणती गोष्ट न करण्याचे ठरवलेत?" असे कोणी विचारलेच, तर नम्रपणे लॅपटॉप उघडून गिअरबॉक्सचे त्रिमितीय मॉडेल फिरवून दाखवावे. त्या सुतळीचा फोटो फोनमध्ये असल्यास हुतात्मा एक्सप्रेस पुण्यात पोहोचण्याआधीच डिलीट करावा.